प्रुफाच्या कोपऱ्यातल्या दोन खुणा

आमच्या छापखान्याच्या दारावर लावायची शेवटची नोटीस सुनेने टाइप केली, आणि ती मी तपासावी म्हणून सकाळपासून दोन माणसं माझ्या मागे लागली. एक ती आणि दुसरा तिचा नवरा, म्हणजे माझाच मुलगा. दोघांना मी एकच सांगितलं, "माझं वाचन तुमच्या बाबांबरोबर संपलं. शिकल्यासवरलेल्यांनी आपापलं वाचावं."

मी चौथीपर्यंत शाळा पाहिली. पाहिली म्हणजे बाहेरूनच जास्त. पण लग्न होऊन छापखान्यात आले आणि शिशाच्या खिळ्यांवर अक्षरं गिरवली. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, कागदावर उमटलं की सुलटं होतं. त्यामुळे मी उलटं वाचायला आधी शिकले. तसं मला बरंच काही उलटं येतं, असं हे म्हणायचे.

आमच्याकडे प्रूफ एकट्याने वाचायची पद्धत नव्हती. मी मोठ्याने प्रूफ वाचायची आणि हे गिऱ्हाइकाच्या मूळ कागदाशी ताडून बघायचे. वाचायचं तेही शब्द म्हणून नाही. 'नवीन' आलं की "न, व ला दुसरी वेलांटी, न". 'वर्षे' आलं की "व, ष ला रफार, वर मात्रा". शिकलेला माणूस शब्दाचं तोंड बघून पुढे पळतो, मधली वेलांटी पहिली की दुसरी हे त्याला दिसतच नाही. मला पळता येत नव्हतं, म्हणून मला दिसायचं. आमचं ऐकून समोरचा शिंपी म्हणायचा, "तुमच्या घरात भांडणसुद्धा काना-मात्रा धरून होत असेल." होतच होतं.

हे गेले त्याला वर्ष झालं. त्यांच्या खुर्चीसमोर बसून दुसऱ्या कुणाला वेलांट्या ऐकवायच्या, हे मला जमणार नव्हतं. मग सून एकटीच वाचू लागली, पडद्यावर, मनातल्या मनात. गेल्या महिन्यात वाचनालयाच्या नोटिशीत जोडाक्षरं फुटली आणि दोनशे कागद रद्दीत गेले. पोरगी रात्री जेवली नाही. मी बोलले काहीच नाही. न बोलून जे बोलता येतं ते मात्र सगळं बोलले.

आता छापखाना नव्या जागेत चालला होता. उद्या सकाळी टेम्पो येणार होता. आज दाराला नोटीस चिकटली नाही, तर जुनं गिऱ्हाईक बंद दारावर थापा मारून परत जाणार. आणि चुकीची चिकटली, तर चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारे स्वतः चुकून गेले म्हणून सगळी गल्ली हसणार.

दुपारी मी कागदाच्या गठ्ठ्यावर बसून सुतळी गुंडाळत होते. सून कपाटातली जुनी प्रुफं काढत होती. प्रत्येकावर तारीख, आणि कोपऱ्यात ह्यांनी लाल पेन्सिलीने काढलेल्या, 'बरोबर'च्या दोन खुणा.

"आई, ह्या दोन कशाला? एक पुरली नसती?"

"विचारलं होतं मी एकदा. म्हणाले, एक मालकाची आणि एक वाचणाऱ्याची. म्हटलं, दोन्ही तुम्हीच की! एवढा मान स्वतःचा स्वतः कुणी घेतो का? तर नुसते हसले."

ती पुढची चवड चाळत राहिली. मग थांबली. "पण ह्या प्रुफांवर एकच आहे."

"पेन्सिल बोथट झाली असेल."

"दीड महिना बोथट? सगळ्यांवर एकच आहे, आई. तारीख बघा ना."

मी चष्मा लावला. तारीख मला कोणी सांगायला नको होती. माझा मुलगा झाला तो महिना, आणि त्याच्या पुढचे पंधरा दिवस. मी अंथरुणात होते. ह्यांनी एकट्याने प्रुफं वाचली होती.

"योगायोग," मी म्हटलं.

सून जेवायला वर गेल्यावर मात्र मी गुपचूप दुसरा गठ्ठा सोडला. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी रुसून माहेरी गेले होते, आठ दिवस. कशावरून ते आठवत नाही, पण चूक ह्यांचीच होती. ते आठ दिवस शोधून काढले. आठही दिवस एकेक खूण. नवव्या दिवशीच्या प्रुफावर पुन्हा दोन, आणि दुसरी जरा मोठीच, पेन्सिल दाबून काढलेली.

चाळीस वर्षं मी समोर बसून होते, आणि वाचणाऱ्याची म्हणजे माझी, हे मला कळलं नाही. अक्षर न् अक्षर वाचणारी मी, कोपरा तेवढा वाचायचा राहिला. आणि हा माणूस! तोंडाने सांगितलं असतं तर काय शाई संपली असती?

सून जिना उतरून आली तेव्हा गठ्ठा सुटलेला होता, माझा चष्मा नाकावर होता आणि नाक लाल होतं. तिने तिन्ही गोष्टी पाहिल्या आणि एकीबद्दलही बोलली नाही. पोरगी दिसते तेवढी अडाणी नाही.

"दे ती नोटीस," मी म्हटलं. "पडद्यावर नको. कागदावर काढ. तुझा मूळ मजकूर तू हातात धर, आणि मी म्हणेन तिथे बोट ठेव."

ती ह्यांच्या खुर्चीकडे गेली आणि तशीच उभी राहिली.

"बस. खुर्ची बसायलाच असते."

मी वाचू लागले. "स, थ ला... हे काय? स चा पाय मोडून बाहेर काढलाय. स आणि थ जोडलेले हवेत."

"जुन्या फॉन्टमधली फाइल नव्यात घेतली की असं होतं, आई. जोडाक्षरं सुटतात."

"सुटतात तर धरून बसव. वर्षे मध्येही र सुटलाय, तो ष च्या डोक्यावर चढव. शेवटी बघ, ऋणी. तिथे ऋ आहे का, रु आहे?"

"ऋ आहे."

"मग ठीक. हां, आता मथळा."

"मथळा काय, एवढा मोठा तर आहे. दिसतोच आहे."

"म्हणूनच शेवटी आणि वेगळा वाचायचा. मोठ्या अक्षरातली चूक कुणालाच दिसत नाही, सगळे बारीक अक्षरात चूक शोधत असतात. स ला पहिला उकार, च, न ला काना."

तिने कपाळावर हात मारून घेतला. "दुसरा हवा."

"मग घाल, आणि पुन्हा प्रूफ काढ. दुरुस्त केलेली ओळ वाचायची, तिच्या वरची वाचायची, खालचीही वाचायची. एक चूक उपटताना दुसरी उगवते."

दुसरं प्रूफ आम्ही पहिल्यापासून वाचलं. एकही चूक निघाली नाही. मला थोडं वाईटच वाटलं. आणखी एखादी असती, तर आणखी थोडा वेळ बसता आलं असतं.

सुनेने खणातली लाल पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. मी आयुष्यात कोपऱ्यावर खूण केली नव्हती. एक काढली आणि पेन्सिल तिच्याकडे सरकवली.

"मी कुठली काढू, आई? मालकाची?"

"मालकीण व्हायला अजून अवकाश आहे. वाचणाऱ्याची काढ."

"मग तुमची कुठली?"

"ह्यांच्या खुर्चीत मूळ कागद धरून तू बसलीस, वाचलं मी. मग मालकाची कुणाची, ते उद्या विचार," मी म्हटलं आणि सुतळी पुन्हा गुंडाळायला घेतली.