शब्द फोडायचा तास

विज्ञानाच्या बाईंचा शेवटचा तास शाळेत दुसऱ्या कुणालाच नको होता, म्हणून तो बाईंना मिळाला होता. वाचताना अडखळणारी सातवीतली मुलं आणि एकच नळ चालू असलेली प्रयोगशाळा, एवढाच त्याचा संसार. पण बाईंचा जीव त्यातच होता.

"लांबलचक शब्दाला घाबरायचं नाही," बाई सांगत. "आत ओळखीचीच मंडळी दाटीवाटीनं बसलेली असतात. आधी पुढचा तुकडा बघा, मग मागचा, मग मधला गाभा. अर्थाचा अंदाज बांधा आणि वाक्यात घालून बघा. बसला नाही तर अंदाज चुकला, वाक्य नाही."

'अपारदर्शक' आला तेव्हा मुलांनी आधी 'अप' तोडला. उरलेल्या तुकड्याचं काही म्हणता काही होईना. मग नुसता 'अ' बाजूला काढला, तर 'पार' आणि 'दर्शक' आपोआप सुटे झाले. पलीकडचं न दाखवणारं! "म्हणजे भिंत," असं म्हणून एक पोरगी इतकी खूश झाली, की जणू भिंत तिनंच बांधली होती. वर्गात सगळे तिला गोगलगाय म्हणत, कारण एक ओळ वाचायला तिला इतरांच्या चार ओळींचा वेळ लागे.

चाचणीत ही मुलं चक्क पास झाली आणि घात झाला. यश दिसलं की मुख्याध्यापकांना राहवत नसे. त्यांनी बाईंची पद्धत समजून घेतली नाही, उचलली. आठ दिवसांत व्हरांड्यात उपसर्ग-प्रत्ययांचा फलक लागला, कोपऱ्यात मुख्याध्यापकांचा फोटो. रोज प्रार्थनेनंतर सगळी शाळा ओरडू लागली, "सह म्हणजे सोबत! निर् म्हणजे विना!" बाईंना वाटायचं, कानात बोळे घालावेत.

"सर, तुकडे पाठ करून काय होणार? शब्द वाचता आला पाहिजे," त्या एकदा म्हणाल्या.

"बाई, शिक्षणाधिकारी साहेब तपासणीला येतायत. वाचणं दिसत नाही, पाठांतर दिसतं. आणि सरावाला वेळ कमी पडतोय. तुमचा शेवटचा तास..."

"तो नाही देणार."

"बघू. साहेबांना तुमची मुलं आवडली, तर तास तुमचा."

साहेब आले. समूहपाठ दणक्यात झाला, खिडकीच्या काचा हादरल्या. साहेब खुशीत आले. बाईंनी धीर करून पुस्तकाबाहेरचा एक उतारा पुढे केला. "यातला एखादा शब्द विचारा ना, साहेब."

साहेबांनी बोट ठेवलं 'अर्धपारगम्य' या शब्दावर. पाठांतरात पहिला आलेला मुलगा ताडकन उभा राहिला. "अर्ध म्हणजे निम्मे! पार म्हणजे पलीकडे! गम्य म्हणजे जाण्याजोगे!"

"छान. मग या अर्धपारगम्य पटलातून, म्हणजे पातळ पडद्यातून, काय जातं?"

"सर, ते फलकावर नाही."

मग गोगलगाय उठली. "अर्धं... पलीकडे... जाऊ देणारं. म्हणजे अर्धंच पाणी जात असेल." मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. पोरीनं मान खाली घालून वाक्य पुन्हा वाचलं, एकेका शब्दावर बोट ठेवत. "नाही, नाही. इथं लिहिलंय, पाणी जातं आणि साखर अडते. म्हणजे काहींना वाट आहे, काहींना नाही."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "उत्तर बरोबर आहे, पण मुलगी फार अडखळते. समूहपाठ मात्र उत्तम! सगळ्या शाळांत सुरू करू."

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला मुख्याध्यापक स्वतः प्रयोगशाळेत आले. चेहरा असा, की जणू बक्षीसच वाटायचंय.

"मुलांनो, वाईट वाटून घेऊ नका. तुमचा तास काही बंद झालेला नाही. त्याचं समूहपाठाच्या सरावात विलीनीकरण झालंय."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. एवढा भारदस्त शब्द म्हणजे काहीतरी चांगलंच असणार. बाई खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या. वळल्या असत्या तर रडल्या असत्या.

गोगलगाय मात्र टाळ्या न वाजवता ओठ हलवत होती. तिनं हात वर केला.

"सर, विलीन म्हणजे मीठ पाण्यात होतं तसं ना? मग आमचा तास दिसणारच नाही."

"तसं नाही गं, तो आत असतोच," मुख्याध्यापक हसले.

"आणि सर, आपोआप बनलं तर 'भवन' लागतं. पाण्याची वाफ होते ते बाष्पीभवन. तुमच्या शब्दात 'करण' आहे. म्हणजे झालं नाही, कुणीतरी केलंय." पोरीच्या आवाजात राग नव्हता, नुसती शंका होती. "कुणी केलं, सर?"

मुख्याध्यापकांनी बाईंकडे पाहिलं; बाईंनी आता वळून थेट त्यांच्याकडे पाहिलं आणि काही म्हणजे काही मदत केली नाही.

"हुशार आहे पोरगी," मुख्याध्यापक शेवटी घसा खाकरत म्हणाले. "हिला समूहपाठात पहिल्या रांगेत उभी करा."