दोन तोंडांची वायर

"वहिनी, तुमचा पॉवर सप्लाय मान टाकतो," दीर म्हणाला. खेळ रंगात आला की त्याच्या कॉम्प्युटरचा पडदा काळा व्हायचा. वहिनीने भंगार माथी मारलं, असं सासूबाईंना सांगून तो अख्खा कॉम्प्युटर आणि सप्लायचं खोकं घेऊन, सप्लाय परत करायला तिच्या दुकानात आला होता.

वहिनीने खेळ सुरू करायला लावला आणि मीटर घेतला. खेळात लढाई पेटली, तसे ग्राफिक्स कार्डाच्या प्लगशी बारा व्होल्टचे सव्वाअकरा झाले.

"बघा!" दिराचा चेहरा खुलला.

"थांबा, भाऊजी." लढाई चालू असतानाच तिने मीटर त्याच सप्लायच्या, हार्डडिस्कसाठी असलेल्या रिकाम्या प्लगला लावला. तिथे बाराचा आकडा हलेना. म्हणजे सप्लाय ठणठणीत होता. व्होल्ट वाटेतल्या वायरीत खर्ची पडत होते. कार्डाच्या दोन्ही सॉकेटांत एकाच वायरीची दोन तोंडं खुपसलेली होती.

"दुसरी वायर कुठाय?"

"खोक्यात. दोन वायरी गबाळ्या दिसत होत्या."

तिने मशीन बंद करून दोन्ही सॉकेटांना वेगवेगळी वायर जोडली आणि दिराला अर्धा तास लढायला लावलं. कार्डापाशीही आकडा बाराच्या आसपास राहिला. पडदा एकदाही काळा झाला नाही.

"आता आईला काय सांगू?"

वहिनीने फोन पुढे सरकवला. "जे झालं तेच. आणि स्पीकरवर बोला."