तीन दारं, तीन पहारेकरी

पोरं मोठी झाल्यावर चाळिशीत ती भाषाविज्ञानाच्या संशोधनाला लागली, म्हणून विभागात सगळे तिला अक्का म्हणत. आज तिचं सादरीकरण होतं. मागच्या बाकावर तिला वाढवणारी मावशी ताठ बसली होती. विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कौतुकात कसर नव्हती.

अक्काने फळ्यावर लिहिलं: ‘प्रत्येक मुलीने एक पुस्तक वाचलं.’ याचे दोन अर्थ संभवतात, असं तिने सांगितलं. जिने-तिने कुठलं तरी एक, किंवा सगळ्यांनी तेच एक. मग तिने चित्र दाखवलं: सगळ्या मुलींच्या हातात एकच पुस्तक. तिच्या प्रयोगात हे चित्र पाहून लोकांनी वाक्य खरं ठरवलं, म्हणजे दुसराही अर्थ आहेच, असं तिचं म्हणणं.

बाहेरून आलेले परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, “बाई, सगळ्यांनी तेच पुस्तक वाचलं, तर जिने-तिने एक वाचलंच ना? या चित्रात पहिला अर्थही खराच. लोक ‘हो’ कुठल्या अर्थाने म्हणाले, ते तुम्हाला कसं कळलं?”

अक्काने आपल्याच चित्राकडे पाहिलं. वर्षभराचं काम एका प्रश्नात आडवं झालं होतं. तिच्या मार्गदर्शक मॅडम काही बोलणार, तेवढ्यात तिने हातानेच त्यांना थांबवलं. एक अर्थ दुसऱ्याच्या पोटात बसतोय, हीच तर अडचण. मग वाक्यच असं हवं, की चित्रात ‘सगळ्यांसाठी तोच एक’ हा अर्थ खोटा पडेल आणि ‘ज्याचा त्याचा वेगळा’ हा खरा.

तिने फळा पुसला. तीन दारं काढली आणि प्रत्येकाला कुलूप लावणारा वेगळा पहारेकरी. मग कुठल्याच शब्दावर जोर न देता तिने वाचलं, “एका पहारेकऱ्याने प्रत्येक दाराला कुलूप लावलं. खरं की खोटं?”

“खोटं,” सगळ्यांच्या आधी परीक्षकच म्हणाले. बहुतेकांनी तीच री ओढली. एकजण म्हणाला, ओढूनताणून खरं म्हणता येईल, पण त्याचा त्यालाच भरवसा वाटेना.

“आता हे ऐका. प्रत्येक दाराला एका पहारेकऱ्याने कुलूप लावलं.”

“खरं!” या वेळी मावशीचाही आवाज त्यात होता.

चित्र तेच, शब्द तेच, फक्त क्रम फिरला होता. ‘एका’ आधी आलं की सगळ्या दारांना तोच एक, ‘प्रत्येक’ आधी आलं की ज्याचा त्याचा वेगळाही चालतो; आधी येईल त्याचं राज्य! आपण दोन अर्थ शोधत बसलो आणि भाषेने तर क्रमानेच त्यांची वाटणी करून ठेवली होती, हे अक्काला बोलता बोलता उमगलं. तिचा आवाज खणखणीत लागला.

परीक्षक उठून फळ्यापाशी आले. “या खोलीतली मतं पुरावा म्हणून धरता येणार नाहीत,” ते म्हणाले. “बाहेरच्या लोकांवर हाच प्रयोग करा. पण प्रबंधातलं जुनं प्रकरण काढून टाका आणि हे पहिलं ठेवा. दोन अर्थ वेगळे करायचे कसे, ते तुम्ही दाखवलंत.”

मॅडमनी टाळ्या सुरू केल्या. मावशी तर उभीच राहिली आणि शेजारच्या अनोळखी प्राध्यापकाला अभिमानाने सांगू लागली, “आमची आहे ती.”