झेंडूखालची पाटी

मशीनचा धड फोटो काढणं इतकं कठीण का असावं, हे मला आजवर कळलेलं नाही. मालवणच्या बाजारामागच्या बोळात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. ड्रिल, ग्राइंडर, कटर, असली मशीनं मी दुरुस्त करतो. लोक फोटो पाठवतात आणि खाली विचारतात, "लवूभाई, ह्या अस्सल काय नकली?" फोटोत मशीनपेक्षा मांजर मोठं असतं. मशीनवरची माहितीची पाटी वाचायची म्हटलं तर तिच्यावर फ्लॅशचा पांढरा गोळा. मी तेच तेच परत सांगतो, उजेड बाजूने घ्या, हात स्थिर ठेवा. माणसं "होय होय" म्हणतात आणि दुसरा फोटो त्याहून वाईट पाठवतात.

पण परशुरामच्या बाबतीत मला चिडून गप्प बसता आलं नाही. त्याच्यावरचं बालंट माझ्याच तोंडून सुरू झालं होतं.

परशुराम सुतार. तारकर्लीच्या वाटेवर पर्यटकांसाठी हरिश्चंद्राच्या खोल्या आहेत, तिथे दसऱ्यानंतर, दिवाळीच्या आधी खिडक्यांना जाळीच्या चौकटी बसवायचं काम त्याने घेतलं. बॅटरीचं ड्रिल हरिश्चंद्राचं. संध्याकाळी परशुराम ते घरी नेई, चार्ज करून सकाळी आणी. चौथ्या दिवशी त्यातून धूर आला. तो तडक माझ्याकडे आला.

मी मशीन उन्हाकडे धरलं. पाटीवर कंपनीचं नाव बरोबर होतं, पण अक्षरांचे काठ फुटलेले. अठरा व्होल्टच्या पुढे नागमोडी रेघ. नागमोडी रेघ म्हणजे घरातली वीज. बॅटरीच्या मशीनवर सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ हवी. प्रत्येक अस्सल मशीनला आपापला नंबर असतो, इथे नंबरची जागा कोरी. कवचाचे दोन अर्धे जुळतात त्या सांध्यावर नख फिरवलं तर नख अडकत होतं. मोटरला हवा घ्यायच्या खाचांचे काठ खरबरीत, आणि मागून तिसरी खाच प्लॅस्टिकच्या पापुद्र्याने अर्धी बुजलेली. अस्सल साच्यातून असला माल बाहेर पडत नाही.

"नकली आसा रे ह्या," मी म्हटलं. "मोटर जळली. तुझी चूक नाय."

परशुराम सरळ माणूस. मशीन माझ्याकडे ठेवून गेला आणि मालकाला जसंच्या तसं सांगितलं. हरिश्चंद्र म्हणाला, "माझा मशीन अस्सल होता. घराकडे नेऊन बदललंस तू!" तेवढ्यावर भागलं नाही. खोल्यावाल्यांच्या ग्रुपवर त्याने लिहिलं, परशुराम सुताराच्या हातात मशीन देऊ नका. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिघांनी काम काढून घेतलं. इथे सुताराच्या हाती घराची चावी देऊन मालक बाजाराला जातो. त्या माणसाला एकदा चोर म्हटलं की त्याच्या रंध्याला कोण विचारतो?

"लवूभाई," परशुराम माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "तुम्ही नकली म्हणालात, म्हणून माका नकली म्हणाचा लागला. आता काय ता बघा."

मी हरिश्चंद्राला फोन लावला. "मशीन परशुरामच्या हातात जावच्या आधीचो फोटो आसा?"

"आसा तर! खंडेनवमीक पूजा केलली. सुगंधा धाडता."

त्याची बायको सुगंधा हिने अकरा फोटो धाडले. एकात ताट, एकात नारळ, एकात शेजारची म्हातारी. मशीन ज्यात होतं त्यात पाटीवर भलामोठा झेंडू आणि झेंडूच्या आजूबाजूला हळदकुंकवाचा लगदा. नेमका पाटीवर! एवढं मोठं मशीन, आणि देवाला जागा सापडली ती तेवढीच.

मी परत फोन केला. "वयनी, पाटयेर फूल कित्याक ठेवलास?"

"मगे खंय ठेवतलंय? थंयच सपाट जागा होती!"

"दुसरो फोटो नाय?"

"आसा मां, ह्येंनी मशीन हातात धरून काढलेलो. बंदूक धरल्यासारखो."

तो फोटो आला. व्हॉट्सअ‍ॅपने त्याचा इतका रस काढला होता की खाचा, बोटं आणि मिशा सगळं एकच दिसत होतं. मी कपाळावर हात मारला, नकली मशीन आणि माझं भिंग पिशवीत टाकलं आणि परशुरामला रिक्षात घातलं. तो येत नव्हता. "थंय पाय ठेवचो नाय मी," म्हणत होता. "तर मगे माझ्या दारात तरी कित्याक इलंस?" म्हटल्यावर बसला.

हरिश्चंद्र पडवीत बसला होता. परशुरामला बघून म्हणाला, "ह्येका कित्याक हाडलास?"

"तू तोंड बंद ठेव आणि फोन हाड," मी म्हटलं.

सुगंधाच्या फोनवर मूळ फोटो मोठा केला. हरिश्चंद्र ओटीवर उभा, मशीन खांद्याशी, उजेड बाजूने पडलेला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी उजेड बाजूने घेतला होता, तोही चुकून. मशीनची मागची बाजू स्वच्छ दिसत होती. पाटी नाही, पण सांध्याला सावलीची जाड रेघ, कारण एक अर्धा दुसऱ्यापेक्षा वर. आणि खाचा.

"मोज," मी म्हटलं. "मागसून मोज."

"एक, दोन..." हरिश्चंद्र थांबला.

"तिसरी?"

"बुजलली दिसता."

मी पिशवीतलं मशीन त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने खाच बघितली, फोटो बघितला, परत खाच बघितली. मग म्हणाला, "लवूभाई, एकाच साच्यातली दोन मशीनां असली तर?"

"असतीत. मगे ह्येना तुझा नकली नेऊन दुसरा नकली हाडल्यान? कित्याक, हौस म्हणान? खंडेनवमीक तुझ्या हातात होता ताच नकली, मेल्या! तेव्हा परशुराम खंय होतो?"

पडवीच्या दाराशी सुगंधा उभी होती. ते मशीन मुंबईहून तिच्या भावाने, विनीतने, भेट म्हणून आणलं होतं. ते मला तेव्हा कळलं, तिच्याच तोंडून.

"विनीतान फसवल्यान असा नाय," ती हळूच म्हणाली. "तोच फसलो असतलो."

"तसाच असतला, वयनी."

हरिश्चंद्राने आपला फोन घेतला आणि ग्रुपसाठी बराच वेळ टाइप केलं. मी फोन मागून घेतला. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं. लिहिलं होतं, 'मशीनबाबतचा गैरसमज दूर झाला आहे.'

"कोणाचो गैरसमज?" मी फोन परत देत विचारलं. "परशुरामचा नाव खंय आसा? चोर म्हणताना नाव लिवलंस. आता नाव लिवक शाई संपली?"

"लोकांका कळतला ता."

"काय कळतला?"

"आता मेव्हण्याचा नाव चव्हाट्यार घालू?"

परशुराम उठून पायरी उतरायला लागला. तेव्हा सुगंधाने नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि ग्रुपवर बोलायचं बटण दाबून तोंडाशी धरला.

"मी सुगंधा बोलतंय. परशुरामान काय्येक बदलूक नाय. मशीन माझ्या भावान हाडलला, ताच नकली होता. आमच्या घरच्यांनी तेका उगाच चोर म्हटल्यानी. ज्यांनी तेचा काम काढून घेतल्यानी, तेंनी परत देवचा."

तिने बोट उचललं.

हरिश्चंद्र म्हणाला, "परशुराम, अजून पाच खिडक्यो रवल्यो. उद्या येतलंस मां?"

परशुराम पायरीवर उभाच होता. "त्या तिघांकडे आधी जातंय," तो म्हणाला. "तेंची कामां संपली काय मगे बघूया." आणि तो माझी वाट न बघता रस्त्याला लागला.