भिंगरीचे त्रेसष्ट इशारे

तिला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. जन्मापासून तिचे डोळे एका जागी ठरत नसत. बुबुळं सतत डावी-उजवीकडे हलत. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं होतं आणि औषध नाही म्हणून सांगितलं होतं. भिंगरीने स्वतःच उपाय शोधला. मान उजवीकडे वळवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, की अक्षरं शहाण्यासारखी उभी राहत. अशा वाकड्या मानेने ती बारावी झाली, पदवीधर झाली आणि आता ग्रंथालयशास्त्राच्या शेवटच्या परीक्षेला बसणार होती. परीक्षेच्या हॉलमध्ये आजवर कुणी तिला हटकलं नव्हतं. पण या वर्षी कॉलेजने परीक्षा घरूनच, ऑनलाइन ठेवली होती. लॅपटॉपचा कॅमेरा तिच्यावर नजर ठेवणार होता.

घर म्हणजे दीड खोली. पेपरच्या दिवशी आईने शिलाई मशीनवर चादर टाकली. वडील बस डेपोत मेकॅनिक. ते सकाळच्या पाळीला गेले. आजोबांना आई जिन्यात खुर्ची टाकून बसवणार होती.

"आधी खोली दाखवा," स्क्रीनवर सूचना आली. भिंगरीने लॅपटॉप उचलून चारी भिंती दाखवल्या, टेबलाखालचं दाखवलं, पलंगाखालचं दाखवलं. आजोबांच्या गोळ्यांचे डबे दिसले. दोरीवर आईचे परकर वाळत होते, तेही दिसले.

"अगं, हे काय!" आई धावली. "परक्या माणसाला माझे परकर कशाला दाखवतेस?"

"आई, नाही दाखवलं तर पेपर सुरूच होत नाही."

"मग आधी सांगायचंस ना, निदान नवे तरी वाळत घातले असते!" असं म्हणत आईने परकर ओढून काखोटीला मारले आणि आजोबांचा हात धरून ती बाहेर गेली. भिंगरीला हसू आलं. ते हसू पाच मिनिटंच टिकलं.

पहिला प्रश्न वाचायला तिने मान वळवली, तोच लाल चौकट उमटली : 'कृपया स्क्रीनकडे पाहा.' तिने मान सरळ केली. अक्षरं थरथरायला लागली. परत वळवली, परत चौकट. पंधरा मिनिटांत सात इशारे झाले आणि तिला घाम फुटला. मान सरळ ठेवावी तर वाचता येईना, वळवावी तर चोर ठरायची पाळी. तीन तासांत नेहमीच्या निम्म्या वेगाने, जमेल तेवढं लिहून तिने पेपर संपवला. दार उघडलं तेव्हा तिचा चेहरा बघून आईने आधी पाणी दिलं.

आठवड्याने मेल आला : 'गैरप्रकाराच्या संशयावरून निकाल राखून ठेवला आहे. सात दिवसांत खुलासा करावा.'

वडिलांनी तो मेल तीनदा वाचला. "कॉपी? आमची भिंगरी? हिला लपाछपीतसुद्धा लपता येत नव्हतं, आपणच ओरडून सांगायची!"

भिंगरी दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी तोंड धुऊन कागद घेऊन बसली. डॉक्टरांचा दाखला जोडला आणि खाली तीन मागण्या लिहिल्या : माझं रेकॉर्डिंग मला दाखवा. एखाद्या माणसाने ते पूर्ण पाहावं. आमच्या घराचं हे चित्रण कुठे आणि किती दिवस ठेवणार, ते कळवा. शेवटची मागणी आईची होती. 'परकर' हा शब्द मात्र भिंगरीने गाळला.

बोलावणं आलं. कॉलेजच्या छोट्या खोलीत तिघं बसले होते : परीक्षा नियंत्रक बाई, एक प्राध्यापक आणि संगणक विभागाचा माणूस. वडील बाहेर बाकावर बसून स्वतःची बोटं कटाकट मोडत होते.

"त्रेसष्ट इशारे आहेत," प्राध्यापक म्हणाले. "तीन तासांत त्रेसष्ट. सारखी बाजूला बघत होतीस. तिकडे काय होतं?"

"काही नव्हतं सर. मी स्क्रीनकडेच बघत होते."

"बोलताना तरी माझ्याकडे बघ."

"बघतेच आहे," भिंगरी म्हणाली. तिचे डोळे डावी-उजवीकडे हलत होते आणि मान उजवीकडे वळली होती.

नियंत्रक बाई चष्मा काढून पुढे झुकल्या. त्यांनी समोरच्या फाइलमधला छापील कागद तिच्या हातात दिला. "वाच."

भिंगरीने मान वळवून तो घडाघडा वाचला. "आता सरळ बघून वाच." पहिल्याच ओळीत ती अडखळली.

बाईंनी रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. चौघांनी मिळून ते पाहिलं. मान वळली की इशारा, सरळ झाली की ओठ चावणारी, डोळे पुसणारी मुलगी. बासष्ट इशारे असेच. त्रेसष्टावा होता 'खोलीत दुसरा आवाज', आणि त्या क्षणाला जिन्यातून दणदणीत शिंक ऐकू आली.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"आमचे आजोबा."

संगणकवाल्याला हसू आवरेना, प्राध्यापकांनी खोकल्यासारखं केलं, मग बाईच खळखळून हसल्या. हसू ओसरल्यावर त्या गंभीर झाल्या. "इशारा आला म्हणजे माणसाने चित्रण तपासायचं, एवढाच त्याचा अर्थ असतो. आम्ही न बघताच संशयाचं पत्र धाडलं. चूक आमची आहे."

प्राध्यापकांनी डॉक्टरांचा दाखला चाळला. मग म्हणाले, "तू आधी का नाही कळवलंस?"

"फॉर्ममध्ये तशी जागाच नव्हती, सर."

त्यांनी मान डोलावली आणि ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

निर्णय त्याच दिवशी झाला. पेपर पुन्हा घ्यायचा, अर्धा तास जास्त द्यायचा. नजर टिपणारी यंत्रणा तिच्यापुरती बंद, फक्त एक पर्यवेक्षक कॅमेऱ्यातून पाहील. खोलीऐवजी फक्त टेबल दाखवायचं. जुनं चित्रण महिन्याभरात पुसून तसं लेखी कळवायचं. बाहेर येऊन तिने हे सांगितलं तेव्हा वडिलांनी भर व्हरांड्यात तिला उचलून गिरकी घेतली. "बाबा, खाली ठेवा, मी पंचवीस वर्षांची आहे!"

पुन्हा घेतलेल्या पेपरला स्क्रीनवर एक पोक्त बाई दिसल्या. "सुरू कर बाळ. मान हवी तशी कर, उलटी झालीस तरी चालेल."

भिंगरीला त्या हुकुमाने इतकं बरं वाटलं, की पहिला श्वास तिने पोटापासून घेतला. पुस्तकांच्या वर्गीकरणावरचा मोठा प्रश्न तिच्या आवडीचा निघाला. वाकडी मान, सरळ अक्षरं. अर्धा तास जास्त मिळाल्याने वीस मिनिटं आधीच तिचं लिहून झालं आणि उरलेला वेळ तिने चक्क उत्तरं तपासण्यात घालवला. आयुष्यात पहिल्यांदाच.

पुढच्या सत्राच्या फॉर्ममध्ये एक नवा रकाना आला : 'परीक्षेच्या वेळी आपली काही अडचण असल्यास लिहा.' चव्वेचाळीस जणांनी तो भरला. एकीचं बाळ दोन महिन्यांचं होतं, एकाला प्रश्न पुटपुटल्याशिवाय कळत नसे, एकाच्या खोलीत तीन भावंडं झोपत. नियंत्रक बाईंनी भिंगरीला फोन करून हे सांगितलं. "एवढी माणसं आजवर गप्प बसली होती, आम्हाला पत्ताच नाही!"

निकाल लागला त्या दुपारी भिंगरी एका सार्वजनिक वाचनालयात उमेदवारी करत होती. शिडीवर उभी राहून वरच्या फळीवर पुस्तकं लावत असताना खिशातला फोन थरथरला. वर्गात पहिली. ओरडावंसं वाटलं, पण खाली आठ वाचक माना खाली घालून बसले होते. तिने पुस्तक तोंडाशी घट्ट धरलं आणि शिडीवरच दोन उड्या मारल्या. शिडी करकरली.

"काय झालं गं?" ग्रंथपाल बाईंनी टेबलावरूनच विचारलं. भिंगरीने खाली उतरून फोन त्यांच्यासमोर धरला. बाईंनी वाचलं, त्या खुर्ची मागे सारून उठल्या आणि तीस वर्षांत वाचनालयात कधी ऐकू आला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात ओरडल्या, "आमची पोरगी पहिली आली!"

आठही वाचकांनी माना वर केल्या, आणि मग टाळ्या वाजायला लागल्या.