वाट चंदनच्या मळ्यावरून

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या श्रीकांतच्या दुकानात लग्नाच्या कार्डाचं मॅटर बसवायला माणसं येत, आणि येताना भांडत येत. कुणाच्या काकाचं नाव वर, कुणाच्या मामाचं खाली. श्रीकांतला अठ्ठावीस वर्षांत त्याची सवय झाली होती. त्याचं म्हणणं साधं होतं. कार्ड म्हणजे घर, प्रत्येकाची खोली ठरलेली. सगळ्यांत वर गणपती आणि कुलस्वामिनी. त्याखाली घरातली गेलेली वडील माणसं, त्यांच्या कृपाशीर्वादाने. मग वधू-वर. मग कार्यक्रम, वार आणि वेळेसकट. मग विवाहस्थळ. शेवटी निमंत्रक, विनीत आणि स्वागतोत्सुक. आपली खोली सोडून कुणी दुसऱ्या खोलीत घुसलं की त्याचं डोकं फिरे. 'आमच्या पाहुण्यांना काय कळतं, टाका कुठंही' असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याने एकदा सरळ शेजारच्या दुकानाची वाट दाखवली होती.

चैत्रातल्या एका दुपारी दापोऱ्याचे मोतीलाल आले. सोबत बायको रंभाबाई आणि धाकटी मुलगी भूमिका, जिचं लग्न होतं. मोतीलालच्या हातात जुनं कार्ड होतं. तीन वर्षांपूर्वी मोठ्या मुलीचं, पूर्णिमाचं कार्ड श्रीकांतनेच केलं होतं. तसंच करा, मोतीलाल म्हणाले, फक्त नावं आणि वेळा बदला. ब्राह्मणाने लिहून दिलेली चिठ्ठी त्यांनी काचेवर ठेवली. मंगळवारी संध्याकाळी हळद, बुधवारी दुपारी बारा पस्तीसला लग्न. मंडप या वेळी शहरातल्या कार्यालयात नव्हता, गावाबाहेर स्वतःच्या शेतातच घातला जाणार होता.

जुनी फाइल हाताशी होती, म्हणून श्रीकांत खूश झाला. त्याने त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि काम सुरू केलं. पूर्णिमा काढली, भूमिका घातली. जुना जावई काढला, चि. प्रशांत बसवला. 'प्रथम कन्या' होतं तिथे 'द्वितीय कन्या' केलं. आजोबा तीन वर्षांपूर्वी निमंत्रकांत होते. ते आता नाहीत, हे मोतीलालनी सांगितलं, तसं त्यांना 'स्व.' लावून वर आजीशेजारी नेलं. जेवणाची वेळ त्याने मुद्दाम ठळक केली, कारण बसने येणारा पाहुणा मुहूर्ताआधी पंगत बघतो, हे त्याचं ठाम मत होतं. विवाहस्थळाची जागा तेवढी कोरी ठेवली, पत्ता नंतर विचारू म्हणून. मग प्रूफ काढलं आणि भूमिकेच्या हातात दिलं. रंभाबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून ती आईला मोठ्याने वाचून दाखवू लागली.

वाचत वाचत ती खाली आली. निमंत्रक झाले, विनीत झाले. 'स्वागतोत्सुक,' तिने म्हटलं आणि थांबली.

रंभाबाईंनी विचारलं, पुढं काय हाय?

"चि. चंदन," भूमिका म्हणाली.

श्रीकांतने वाकून कागदावर पाहिलं. जुन्या फाइलमधून सगळं बदललं होतं, शेवटची एक ओळ तेवढी राहिली होती. चंदन या घरातला सगळ्यांत धाकटा, एकुलता एक मुलगा. मागच्या श्रावणात डेंग्यूने चार दिवसांत गेला होता, वय वीस. श्रीकांतला बातमी कळलीही होती. सांत्वनाला जाऊ जाऊ म्हणता राहून गेलं होतं. पूर्णिमाची कार्डं न्यायला हाच पोरगा मोटरसायकलवर आला होता. काका, माझं नाव इतकं बारीक का, मी काय घरातला उंदीर आहे का, असं म्हणून हसला होता. श्रीकांतने त्याचं नाव तेव्हा दोन पॉइंटने मोठं करून दिलं होतं. ते तसंच मोठं, 'चिरंजीव' लावून, आता समोर पडलं होतं.

त्याने हात जोडले. चूक झाली, म्हणाला, आत्ता काढतो.

"नका काढू," रंभाबाई म्हणाल्या.

मोतीलालनी मान वर केली नाही. काचेवरच्या चिठ्ठीकडे बघतच ते हळू आवाजात म्हणाले की मेलेला माणूस आवतन देत नाही. प्रशांतच्या घरचे काय म्हणतील? गावात ज्यांनी त्याला खांदा दिला, त्यांच्याच हातात हे कार्ड जाणार. काढा, भाऊ.

रंभाबाई रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर श्रीकांतला सोपं गेलं असतं. त्यांनी कागद लेकीच्या हातातून घेतला आणि कुठं लिहिलंय ते विचारलं. भूमिकेने बोट ठेवलं, तिथे त्यांनी आपलं बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही.

"माह्या पोरीच्या लग्नात त्याचं नावच नसन, तर पहिलं कार्ड मी देवापुढं ठेवणार नाही," त्या म्हणाल्या. "बहिणीचं लगन हाय. बाकी सगळ्यांले जागा हाय अन् त्याले नाही?"

हा प्रश्न त्या नवऱ्याला विचारत होत्या की श्रीकांतला, कोण जाणे. पण श्रीकांतने तो अंगावर घेतला. जागा लावणं हाच त्याचा धंदा होता. पहिलं कार्ड देवापुढे ठेवल्याशिवाय दुसरं वाटता येत नाही, आणि ते आईनेच ठेवायचं, हे त्यालाही ठाऊक होतं. आता या एका नावासाठी लग्नाचं घर अडून बसणार होतं.

त्याने डोकं खाजवलं आणि शोधायला लागला. 'स्व.' लावून वर आजोबांच्या शेजारी? बोलता बोलताच तो अडला. वर असतो त्याने आशीर्वाद द्यायचा असतो. धाकट्या भावाने मोठ्या बहिणीला आशीर्वाद कसा द्यायचा? भूमिका त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, तिने त्याला कडेवर खेळवलेलं. मग निदान डाव्या पानावर चौकट करून छोटा फोटो? मोतीलाल म्हणाले, मंगल कार्यात हार घातलेला फोटो घरोघर वाटायचा का? खाली बसवता येत नव्हतं, कारण तो नव्हता. वर बसवता येत नव्हतं, कारण तो लहान होता. शंभर नावं कोंबलेली कार्डं त्याने बसवली होती, रुसलेले व्याही एका ओळीत आणले होते, पण वीस वर्षांच्या मेलेल्या पोराला अख्ख्या कार्डात बसायला कुठे जागाच नव्हती. इतकी वर्षं ज्या खोल्यांचा त्याला अभिमान होता, त्यांचा त्याला त्या दुपारी फार राग आला.

चहा आला, कुणी प्यालं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून आणि काम पुढे न्यायचं म्हणून श्रीकांतने विवाहस्थळाचं विचारलं. शेतात मंडप म्हणजे पत्ता नीट द्यायला हवा, वराकडचे परगावचे, त्यांना कसं सापडणार? उगाच उन्हात भटकतील.

यात अवघड काय, मोतीलाल म्हणाले. वाट सांगताना त्यांचा आवाज जरा मोकळा झाला. शेतकऱ्याला आपल्या शेताची वाट सांगायला आवडतंच. "बुऱ्हाणपूरहून दापोऱ्याच्या रस्त्यानं या. गावाच्या आलीकडं नाल्यावरची पुलिया लागते. पुलिया ओलांडली की चंदनचा मळा. तिथून उजव्या हाताला वळा, समोरच मंडप."

श्रीकांतची बोटं कीबोर्डवर थांबली.

"चंदनचा मळा कोण म्हणतं?" त्याने विचारलं.

"सगळेच म्हणतात," मोतीलाल म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांना तेव्हा कळलं.

मग भूमिकेनेच सांगितलं. बारावी झाल्यावर बाबांनी त्याला चार एकर केळी लावायला दिली होती, त्याच्या एकट्याच्या भरवशावर. पोराने पंपाच्या खोलीच्या भिंतीवर लाल ऑइल पेंटने हातभर अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'चंदन केळी बाग'. 'बाग' लिहायला जागा पुरली नाही, ती खाली घसरली. गाव हसलं होतं. पण केळीच्या ट्रकवाल्यांना तीच खूण झाली, मग मजुरांना, मग सगळ्यांना. आता तिथे दुसरं नाव कुणी घेत नाही.

श्रीकांतने विवाहस्थळाच्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'दापोरा रस्ता, पुलिया ओलांडल्यावर चंदनच्या मळ्यावरून उजवीकडे'. स्वागतोत्सुकमधली ओळ काढली. नवं प्रूफ काढून त्याने ते मोतीलालच्याच हातात दिलं, कारण नाव नको म्हणणारे तेच होते.

मोतीलालनी वाचलं. पुन्हा वाचलं. नावाच्या पुढे 'स्व.' नव्हतं आणि 'चि.'ही नव्हतं. वाटेला कोण काय लावतं?

"ही तर वाट हाय," ते म्हणाले. "याले कोण काय म्हणन?" आणि मग त्या माणसाने, जो मघापासून दगडासारखा बसला होता, उपरण्यात तोंड घातलं. त्यांचे खांदे हलत होते. श्रीकांत उठून उगाच पंख्याचं बटण बघायला गेला.

भूमिकेने आईला वाचून दाखवलं. रंभाबाईंनी ती ओळ तीनदा वाचायला लावली. मग विचारलं, "म्हणजे येणारा हर माणूस त्याचं नाव विचारत येईन?"

हो, श्रीकांत म्हणाला, ज्याला वाट माहीत नाही तो विचारणारच.

"छापा," रंभाबाई म्हणाल्या.

कार्डं छापली. श्रीकांतने विवाहस्थळाची ओळ दोन पॉइंटने मोठी केली आणि कुणाला सांगितलं नाही. कार्डं न्यायला मोतीलालच आले. पहिलं कार्ड हळदकुंकू लावून देवापुढे ठेवलं, रंभाबाईंनीच, एवढंच ते म्हणाले.

श्रीकांत सहसा गिऱ्हाइकाच्या लग्नाला जात नसे. गेला तर कार्डातल्या चुका दिसतात म्हणे. या लग्नाला तो गेला. वैशाखातलं ऊन रणरणत होतं. पुलियाजवळ त्याने मोटरसायकल हळू केली. पुलियावर लोटू नावाचा एक म्हातारा डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसला होता. पलीकडे पंपाच्या खोलीची भिंत इथूनच दिसत होती. लाल रंग उन्हाने विटला होता, पण घसरलेली 'बाग' स्पष्ट वाचता येत होती. तरी श्रीकांतने गाडी थांबवली.

"बाबा, चंदनचा मळा कुठं आला?"

"अरे भाई, वो क्या सामने," म्हातारा वैतागून म्हणाला. "सकाळपासून सांगून सांगून तोंड दुखायले लागलं. जो तो चंदनलेच विचारतो."

मंडपाच्या तोंडाशी रंभाबाई उभ्या होत्या. वधूच्या आईला त्या वेळी आत हजार कामं असतात, आतून हाकाही येत होत्या. पण त्या येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाला कुंकू लावत होत्या आणि काहीतरी विचारत होत्या. श्रीकांत जवळ गेला तसं त्यांनी त्यालाही कुंकू लावलं. डोळे कोरडे होते.

"भाऊ," त्यांनी विचारलं, "वाटेत कोणाले इचारावं लागलं का?"

"लागलं, वहिनी," श्रीकांत म्हणाला. "चंदनचा मळा कुठं, असं विचारत आलो."

रंभाबाईंनी मान हलवली. बरं केलं, म्हणाल्या, आता जेवून जा. आणि त्याच्या मागून आलेल्या पाहुण्याकडे वळून त्यांनी पुन्हा तेच विचारलं.