शून्यापाशीचा उतार

देविकाच्या नवऱ्याची, चिन्मयची, ओमानमधल्या सोहारच्या पोलाद कारखान्यातली नोकरी २०१६च्या ऑगस्टमध्ये गेली. व्हिसाचे दिवस संपत आले होते. आमच्या शाळेत देविकाला गणिताची जागा मिळाली, तरच तिच्या मुलीला, ज्ञानदाला, इथे बारावी पुरी करता येणार होती. नाहीतर ऐन मध्यावर शाळा सोडायची आणि वर्ष पाण्यात.

निवडीसाठी उमेदवाराने आमच्यासमोर एक तास शिकवायचा. बारावी सायन्सचा वर्ग एकच, त्यामुळे समोर तिची मुलगीही बसलेली. हे मला मुळीच पटलं नव्हतं, पण मी नुसती गणिताची विभागप्रमुख, मला विचारतो कोण?

देविकाने सुरुवात झकास केली. |x| चा आलेख काढला. शून्यापाशी तो कुठेही तुटत नाही, म्हणजे सातत्य आहे. पण उतार उजवीकडून एक, डावीकडून उणे एक. टोक आलं, म्हणून विकलनीय, म्हणजे डिफरन्शिएबल, नाही.

मग तिने x चं घनमूळ घेतलं. हेही अखंड. h च्या घनमुळाला h ने भागलं, तर दोन्हीकडून उत्तर धन आणि वाढतच जाणारं. तिने दोन्हीकडे अनंताची खूण लिहिली आणि म्हणाली, "टोक नाही, डावं-उजवं सारखं. म्हणून इथे डिफरन्शिएबल."

हे साफ चूक होतं. दहा वर्षं फळ्यापासून दूर राहिलं की क्लासवाल्यांचा 'डावं-उजवं जुळलं की झालं' एवढाच मंत्र उरतो.

मुख्याध्यापक रामकृष्ण सर दर वेळी शेवटी एका विद्यार्थ्याला उभं करतात. त्यांनी ज्ञानदाला उठवलं. "शून्यापाशी घनमूळ डिफरन्शिएबल आहे?"

महिन्यापूर्वी याच फळ्यावर तिने हे गणित बिनचूक सोडवलं होतं. ती आईकडे बघत म्हणाली, "येस सर."

देविकाने लेकीचा चेहरा पाहिला आणि ती फळ्याकडे वळली. h = ०.००१ घेतलं. घनमूळ ०.१, भागाकार शंभर. दशलक्षांश घेतला, तर दहा हजार. उणे घेऊनही तेच.

"हे कुठे थांबतच नाही," ती म्हणाली. "उतार हा एक ठरावीक आकडा हवा. इथे स्पर्शरेषा उभी आहे, उताराला आकडाच नाही. डिफरन्शिएबल नाही. माझं चुकलं."

मला तिचा अभिमान वाटला. नंतर आत निवडीच्या बैठकीत मी भांडले, चूक तिनेच सुधारली म्हणून. सर म्हणाले, "मुलीने खोटं सांगितल्यावर." खलास.

नकार सांगायला मलाच बाहेर पाठवलं. देविकाने ऐकून मान हलवली. मग ती ज्ञानदाला म्हणाली, "तुला येत होतं ना?"

"हो."

"मग?"

"पेपरमध्ये मी करेक्टच लिहिणार होते, आई."